पिवळ्या फुलांचा चहा आणि रोजची गोळी

हायपेरिकमचं पान उजेडासमोर धरलं, की सुईनं टोचल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. मनाच्या उदासीवर युरोपात ही पिवळ्या फुलांची वनस्पती फार जुन्या काळापासून वापरली जाते. जर्मनीत ‘योहानिसक्राउट’ या नावानं तिचा चहा साध्या दुकानातही मिळतो. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या आपल्या मुलींच्या हातात तो सहज पडतो.

तिच्यातलं हायपरफोरिन हे द्रव्य यकृतातल्या ‘पीएक्सआर’ नावाच्या ग्राहीला चिकटतं, हे 2000 साली उघड झालं. त्यामुळे औषधांचं विघटन करणारं एक एन्झाइम यकृत जास्त प्रमाणात बनवू लागतं. गर्भनिरोधक गोळीतले हार्मोन्स मोडतात, ते प्रामुख्यानं याच एन्झाइमनं.

समजा, एखादी तरुणी माला-डी घेते. तिच्या गोळीत 0.03 मिलिग्रॅम इथिनाइल एस्ट्राडायोल आणि 0.15 मिलिग्रॅम लेव्होनोर्जेस्ट्रेल असतं. मात्रा मुळातच इतकी थोडी. झोप लागत नाही म्हणून ती हायपेरिकम सुरू करते. पहिल्या आठवड्यात काही जाणवत नाही, कारण एन्झाइम वाढायला दहा-पंधरा दिवस लागतात. मग पाळी नसताना मध्येच डाग दिसू लागतात. एकही गोळी चुकलेली नसताना असं झालं, तर रक्तातले हार्मोन्स कमी पडत असावेत, अशी शंका घ्यायला हवी. पण डाग दिसले नाहीत म्हणून निर्धास्तही राहता येत नाही. हायपेरिकम थांबवल्यावरही परिणाम लगेच ओसरत नाही. त्यानंतर 28 दिवस कंडोमसारखं दुसरं साधन वापरावं लागतं. तांबीला मात्र या एन्झाइमचा काही धक्का लागत नाही.

चहाचं काय? हायपरफोरिन पाण्यात फारसं उतरत नाही, त्यामुळे कपभर चहा कॅप्सूलपेक्षा सौम्य असतो, हे खरं. पण पुडीत ते किती आहे हे कुणी मोजून देत नाही, आणि चहानं बरं वाटलं की माणूस कॅप्सूलकडे वळतो. म्हणून गोळी चालू असताना मी तरी हा चहा कुणाला सुचवणार नाही.

नैराश्यावरच्या औषधांत अ‍ॅमिट्रिप्टिलिनची रक्तातली पातळी हायपेरिकमच्या अर्कामुळे घटते. एका अभ्यासात ती सुमारे 22 टक्क्यांनी खाली आली. सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचं दुखणं वेगळं. तिथे दोघांचा परिणाम एकत्र होऊन मेंदूतलं सेरोटोनिन अति वाढू शकतं. हातपाय थरथरणं, घाम, जुलाब, छातीत धडधड सुरू झाली तर तातडीनं दवाखाना गाठावा.

डॉक्टरांना हा चहा सांगायचा राहून गेला, तर आणखी एक घोटाळा होतो. औषध लागू पडत नाही असं समजून ते अ‍ॅमिट्रिप्टिलिनची मात्रा वाढवतात. पुढे रुग्ण आपल्या मनानं हायपेरिकम सोडतो, दोनेक आठवड्यांत एन्झाइम पूर्ववत होतं, आणि तीच वाढवलेली मात्रा आता अंगावर येते: गुंगी, कोरडं तोंड, हृदयाचे अनियमित ठोके.