एकच पॅड का झिजतो?

बाइक गॅरेजला जाते, मेकॅनिक पुढच्या डिस्क ब्रेकचे जुने पॅड काढून नवे टाकतो आणि गाडी परत येते. काही महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उभी राहते: चाक जड फिरतं, मायलेज घटलंय, डिस्क तापतेय. अशा वेळी जुने पॅड फेकण्याआधी शेजारी शेजारी ठेवून पाहा. एकावर तीन मिलिमीटर मसाला शिल्लक आणि दुसरा पत्र्यापर्यंत आलेला असेल, तर दोष बहुतेक वेळा पॅडचा नसतो.

आपल्याकडच्या बहुतेक बाइकचा कॅलिपर सरकता असतो. पिस्टन फक्त एका बाजूला असतो. लिव्हर दाबला की तो आपल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच जोराने कॅलिपरचं अंग उलट दिशेला सरकून पलीकडचा पॅडही डिस्कवर आणतं. हे सरकणं दोन पिनांवर होतं. त्यांना गाइड पिन किंवा स्लायडर पिन म्हणतात. पावसाळ्यात रबरी बूट फाटला की आत पाणी आणि चिखल जातो, जुनं ग्रीस वाळतं, पिनेवर गंज धरतो आणि कॅलिपर अडकतो. मग सगळा भार पिस्टनच्या बाजूच्या पॅडवर येतो आणि तो आधी संपतो. पलीकडचा पॅड जास्त झिजला असेल, तर कॅलिपर आत येतो पण ब्रेक सोडल्यावर मागे सरकत नाही, असं समजावं. दोनपैकी एकच पिन अडकली, तर एका बाजूची पट्टी अडलेल्या खणासारखा कॅलिपर तिरका होतो आणि पॅड पाचरीसारखा झिजतो.

काम सुरू करण्याआधी एक तपासणी करा. पुढचं चाक उचलून फिरवा, लिव्हर दाबून सोडा. डिस्कला पॅडचा हलका स्पर्श असणं ठीक, पण चाक लगेच थांबत असेल तर ब्रेक धरतोय. आता कॅलिपरच्या ब्लीड निपलवर पारदर्शक नळी लावून निपल किंचित उघडा. चाक लगेच मोकळं झालं, तर दाब तेलात अडकलाय. म्हणजे दोष मास्टर सिलिंडर किंवा होजमध्ये आहे आणि पिना साफ करून काही होणार नाही. चाक तसंच जड राहिलं, तर पिस्टन किंवा पिना पाहायच्या. निपल घट्ट करायला विसरू नका.

डिस्क थंड झाल्यावर कॅलिपरचे दोन बोल्ट काढा. तो होजवर लोंबकळू न देता तारेने बांधून ठेवा आणि या काळात लिव्हरला हात लावू नका, नाहीतर पिस्टन बाहेर येईल. पॅडची पिन काढून पॅड काढा. कोणता पॅड कुठल्या बाजूचा, ते लक्षात ठेवा. मग ब्रॅकेट कॅलिपरपासून सरळ ओढून वेगळा करा. पिना सुट्या निघत असतील तर कोणती कुठली, तेही पाहून ठेवा, कारण त्या अनेकदा वेगळ्या असतात.

पिना आणि त्यांची भोकं ब्रेक क्लीनरने पुसून जुनं ग्रीस पूर्ण काढा. पिनेवरचा हलका गंज बारीक स्कॉचब्राइटने जातो. खड्डे पडले असतील किंवा वरचा मुलामा उडाला असेल, तर पिन बदला. घासून गुळगुळीत केलेली पिन पुन्हा गंजते.

ग्रीस कोणतं, इथे बरेचजण चुकतात. बेअरिंगचं नेहमीचं ग्रीस रबर फुगवतं. मग बूट आणि पिनेवरची रबरी बाही असेल तर तीही जाम होते. इथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस वापरा आणि पिनेवर पातळ थर द्या. भोक ग्रीसने भरलं, तर पिन आत गेल्यावर हवेला वाट मिळत नाही आणि पिन स्प्रिंगसारखी बाहेर येते. पिन बसवल्यावर बूटची कडा खाचेत नीट बसवा. आता कॅलिपर बोटांनी ढकलला तर सहज सरकला पाहिजे. पॅडच्या मसाल्यावर किंवा डिस्कवर ग्रीसचा थेंबही नको.

नवे पॅड बसवण्याआधी पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्याचा दिसणारा भाग आधी स्वच्छ करा, नाहीतर धूळ सीलमध्ये जाते. वरच्या टाकीचं झाकण उघडून तेल सांडत नाही ना ते पाहा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं. पिस्टन हलतच नसेल, तर इथे थांबा. सील बदलण्याचं काम अनुभवी मेकॅनिककडे द्या.

बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने आवळा. गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक लागेपर्यंत दाबा, कारण पहिले काही दाब पोकळ जातात. चालवून आल्यावर पॅड पुन्हा असमान झिजू लागले, तर ब्रॅकेटमधली भोकं झिजली आहेत का ते तपासा. त्यावर ग्रीसचा उपाय नाही, ब्रॅकेटच बदलावा लागतो.