पाच लिटरच्या पातेल्यातली पेशी

२८ फेब्रुवारी जवळ आला की जालना जिल्ह्यातल्या शाळांमध्ये पुठ्ठे, फुगे, लोकर आणि फेव्हिकॉल यांची जमवाजमव सुरू होते. रामन परिणामाचा शोध १९२८ साली या तारखेला लागला, म्हणून १९८७ पासून हा दिवस विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. प्रदर्शनात ज्वालामुखी असतो, ठिबक सिंचन असते आणि एका टेबलावर हमखास पेशी असते. ताटात किंवा थर्माकोलवर बसवलेला मधोमध चेंडू, भोवती लोकरीचे वेटोळे, चार-पाच राजम्याचे दाणे आणि कडेला रंगीत दोरी. टेबलामागचा विद्यार्थी पाठ केलेले भाषण एका दमात म्हणतो: हे केंद्रक, ही आंतर्द्रव्यजालिका, ही तंतुकणिका, हिला पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणतात.

भाषणात चूक काही नसते. पण परीक्षकांनी नुसते विचारले, ‘यातलं कोण कोणापेक्षा किती पट मोठं?’ तर उत्तर येत नाही. कारण प्रतिकृती करताना वस्तू रंग आणि आकार बघून निवडलेल्या असतात, माप धरून नव्हे. त्याच घरगुती वस्तू माप धरून निवडल्या तर भाषण पार बदलते. आठवीतल्या एखाद्या मुलीने असे भाषण केले, तर ते साधारण पुढीलप्रमाणे होईल.

एक सेंटिमीटर म्हणजे एक मायक्रोमीटर

‘नमस्कार. आमची ही पेशी माणसाच्या यकृतातली आहे. खरी पेशी साधारण वीस मायक्रोमीटर रुंद असते, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये अशा पन्नास पेशी ओळीने बसतील. आम्ही ती दहा हजार पटीने मोठी केली. त्यामुळे खऱ्या पेशीतला एक मायक्रोमीटर आमच्याकडे एक सेंटिमीटर झाला, आणि पेशी या वीस सेंटिमीटरच्या पातेल्याएवढी झाली. पातेल्यात पाच लिटर पाणी मावतं.’

दहा हजार पट हा आकडा सोयीचा आहे. मायक्रोमीटरच्या जागी सेंटिमीटर वाचायचे, की झाले. आता एकेक वस्तू पातेल्यात टाकायची आणि प्रत्येक वेळी तिने आपले माप सिद्ध करायचे.

‘केंद्रक आठ मायक्रोमीटरच्या आसपास, म्हणून आम्ही आपल्याकडची मोसंबी घेतली. तंतुकणिका एक मायक्रोमीटर जाड आणि दीड-दोन मायक्रोमीटर लांब असते. तिच्यासाठी राजमा बरोबर बसतो. फक्त चार-पाच दाणे घालून चालत नाही. यकृताच्या एका पेशीत हजार ते दोन हजार तंतुकणिका असतात, म्हणून आम्ही अर्धा-पाऊण किलो राजमा ओतलाय.’

इथे बघणाऱ्याला पहिला धक्का बसतो. पुस्तकातल्या आकृतीत दोन-तीन तंतुकणिका ऐसपैस पोहत असतात. प्रत्यक्षात यकृतपेशीच्या आकारमानाचा जवळपास पाचवा हिस्सा त्यांनीच व्यापलेला असतो. यकृताला दिवसभर साखर साठवणे, प्रथिने बनवणे, विषारी द्रव्ये निकामी करणे अशी कामे असतात आणि त्यांना लागणारी ऊर्जा तंतुकणिका पुरवतात. तांबड्या रक्तपेशीची प्रतिकृती केली तर मात्र राजम्याचा एकही दाणा घालता येणार नाही, कारण माणसाच्या पक्व तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतातच आणि केंद्रकही नसते. म्हणून ‘पेशीची प्रतिकृती’ एवढे म्हणून भागत नाही. कुठली पेशी, ते आधी सांगावे लागते.

साडी आणि वर्तमानपत्र

‘आता ही आंतर्द्रव्यजालिका. पुष्कळ जण लोकर लावतात. आम्ही आईची सहावारी साडी घडी घालून बसवलीय.’

साडी का, याचे उत्तर मापात आहे. यकृतपेशीतल्या पटलांचे क्षेत्रफळ इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांवरून मोजलेले आहे. पेशीच्या बाहेरच्या पटलाचा वाटा एकूण पटलांच्या अवघा दोन टक्के भरतो, तर आंतर्द्रव्यजालिकेचा जवळजवळ निम्मा. पातेल्याच्या मापात हे क्षेत्रफळ साडेपाच चौरस मीटरच्या घरात जाते. साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरपेक्षा थोडा कमी पन्हा असलेली साडी त्याहून थोडीच मोठी असते. जालिका हे नाव ऐकून दोऱ्यांचे जाळे डोळ्यांसमोर येते, पण तिचा बराचसा भाग चपट्या, घडीघडीच्या पिशव्यांचा असतो आणि तिचे पटल केंद्रकाच्या बाहेरच्या पटलाशी सलग जोडलेले असते. म्हणून साडीचा पदर मोसंबीला गुंडाळून सुरुवात केली तर ती चूक नव्हे, उलट नेमकेपणा ठरतो.

पटलाची जाडी हा वेगळाच मुद्दा आहे. खरे पटल सात-आठ नॅनोमीटर जाड असते. दहा हजार पटीने मोठे केल्यावरही ते मिलिमीटरच्या बाराव्या-चौदाव्या भागाएवढेच भरते, म्हणजे वर्तमानपत्राच्या एका पानाएवढे. कडेला दोरी चिकटवलेल्या प्रतिकृतीत पटल पन्नास-साठ पट जाड झालेले असते. त्या मानाने पातेल्याच्या आतून लावलेला वर्तमानपत्राचा एक थर पुष्कळ खरा. साडी मात्र त्याहून जाड असल्यामुळे जागा जास्त अडवते. मुलीने हे आपणहून सांगितलेले बरे, नाहीतर परीक्षक विचारणारच.

आता उरले रायबोझोम. त्यांच्यासाठी मुले बहुधा मोहरी किंवा साबुदाणा वापरतात. खऱ्या रायबोझोमची रुंदी पंचवीस-तीस नॅनोमीटर, म्हणजे पातेल्यात पाव मिलिमीटर. त्या मापाला मोहरी सहा-आठ पट मोठी पडते. बारीक रांगोळीचा कण योग्य, आणि तो वाटीभर लागेल, कारण अशा एका पेशीत रायबोझोमची संख्या लाखांत नव्हे, कोटीच्या आसपास असते.

एवढे सगळे घालूनही निम्म्याहून थोडी जास्त जागा उरते. ती पेशीद्रव्याच्या द्रवाची. हा द्रव पाण्यासारखा पातळ समजू नये. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात प्रथिने सुमारे दहा टक्के असतात, पेशीतल्या द्रवात वीस ते तीस टक्के. पातेल्यात साधे पाणी ओतले तर तिथे प्रतिकृती खोटी ठरते, आणि तेही सांगून टाकावे.

मोसंबीतला वीस किलोमीटरचा धागा

‘या मोसंबीत डीएनए आहे. एका पेशीत त्याची लांबी साधारण दोन मीटर असते. दहा हजार पटीने वाढवल्यावर ती वीस किलोमीटर होते. जालन्याहून बदनापूर साधारण तेवढंच. हा एकसंध धागा नाही, त्याचे शेहेचाळीस तुकडे आहेत.’

वीस किलोमीटरचा धागा मोसंबीत मावेल का, हा प्रश्न गर्दीतून हमखास येतो आणि त्याचे उत्तर फळ्यावर मांडता येते. डीएनएची जाडी दोन नॅनोमीटर, म्हणजे आपल्या मापात ०.०२ मिलिमीटर. एवढ्या बारीक आणि वीस किलोमीटर लांब धाग्याचे आकारमान काढले तर ते सहा घन सेंटिमीटरच्या थोडे वर जाते, म्हणजे फार तर सव्वा चमचा. आठ सेंटिमीटरच्या मोसंबीचे आकारमान अडीचशे घन सेंटिमीटरहून अधिक. तेव्हा जागा भरपूर आहे. खरी अडचण गुंता होऊ न देण्याची. त्यासाठी पेशी हा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळून ठेवते.

‘हे सगळं तू पाहिलंस का?’ असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच: नाही. शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. ही मर्यादा भिंगाच्या दर्जाची नसून प्रकाशाच्या तरंगलांबीची आहे. पातेल्याच्या भाषेत सांगायचे तर दोन मिलिमीटरपेक्षा, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान असलेले काहीच ओळखू येणार नाही. मोसंबी दिसेल, राजमा जेमतेम कळेल, तोही योग्य रंजक वापरला तर. रांगोळी, वर्तमानपत्राची जाडी आणि धागा हे सगळे त्या मर्यादेच्या पलीकडले. ते दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. रायबोझोमचे वर्णन जॉर्ज पॅलाडे यांनी १९५० च्या दशकात केले आणि १९७४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

टेबलावर ठेवायची खरी पेशी

घरगुती वस्तूंच्या या यादीत एक वस्तू अशी आहे की जी पेशीची प्रतिकृती नाही, खुद्द पेशीच आहे. देवघरातल्या वातीचा कापूस. सरकीच्या सालीवरची एकेक पेशी वाढून त्याचा एकेक तंतू होतो. फूल उमलते त्या दिवसाच्या आसपास ही पेशी लांबायला लागते आणि सुमारे तीन आठवडे लांबतच राहते. मग आतून सेल्युलोजचे थर चढून तिची पेशीभित्तिका जाड होते. बोंड फुटल्यावर आतला द्रव वाळतो, केंद्रकासह सगळे आटते आणि पोकळ नळी चपटी होऊन पीळ घेते. हातात उरते ती मृत पेशीची भिंत. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात ‘सेल’ पाहिल्या, तेव्हा त्यांना दिसल्या त्याही अशाच भिंती होत्या.

‘कापसाचा हा तंतू पंधरा ते वीस मायक्रोमीटर जाड आणि अठ्ठावीस मिलिमीटरच्या आसपास लांब आहे. आमच्या मापात मोठा केला तर तो या पातेल्याएवढा जाड आणि दोनशे ऐंशी मीटर लांब होईल. तरी ती पेशी एकच.’

हे दाखवायला कापूस पिकवणाऱ्या जालन्याइतकी सोयीची जागा नाही. काचपट्टीवर पाण्याचा थेंब टाकायचा, कापूस बोटांनी विंचरून त्यातला एकच तंतू सुईने थेंबात ठेवायचा, वर आच्छादक काच तिरकी टेकवून हळूच सोडायची. घाईने सोडली तर हवेचे बुडबुडे अडकतात. काळ्या कडेचे हे गोल अनेक मुले पेशी समजून वहीत काढतात. शंभर पटीच्या भिंगाखाली चपटी फीत दिसते आणि तिला जागोजागी पीळ असतो. शेजारी पॉलिएस्टरच्या शिवणदोऱ्याचा एक तंतू ठेवावा. तो बहुधा काचेच्या कांडीसारखा सरळ, गुळगुळीत दिसतो. पीळ दिसला तर तंतू पेशीचा, कांडी दिसली तर कारखान्यातला. कापसाचे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि त्यांचे सूत निघते, त्यात या पिळाचा वाटा मोठा आहे.

भाषण संपल्यावर पातेल्यासमोर एक चिठ्ठी मात्र हवी. तिच्यावर लिहावे: ‘माप – १ सेंमी = १ मायक्रोमीटर. बरोबर – केंद्रक, तंतुकणिका, रायबोझोम, आंतर्द्रव्यजालिकेचे क्षेत्रफळ. चूक – साडीची जाडी, पातळ पाणी, सगळे रंग. दाखवता न आलेले – हालचाल.’ खऱ्या पेशीत तंतुकणिका सरकतात, तुटतात, जोडल्या जातात. राजमा जागचा हलत नाही.