बिलावर पीच-फेस, पिंजऱ्यात फिशर

ओळखीतल्या एका बाईंनी पक्ष्यांच्या दुकानातून लव्हबर्डची जोडी घेतली. बिलावर लिहिलं होतं, ‘पीच-फेस लव्हबर्ड, नर-मादी, १ जोडी’. पिल्लं हवी होती म्हणून जोडीच घेतली. घरट्याची पेटी टांगली, आत न्यायला कागद ठेवला. मादीने कागदाच्या लांब पट्ट्या कातरल्या आणि एकेक चोचीत धरून पेटीत नेली. इथेच पक्षी पाळणाऱ्या शेजाऱ्याच्या डोक्यात शंका आली.

पीच-फेसची मादी असं करत नाही. ती कातरलेल्या पट्ट्या पाठीच्या खालच्या बाजूच्या पिसांत खोचते आणि एका फेरीत पाच-सहा घेऊन जाते. पट्टी चोचीतून नेते ती फिशर. पीच-फेस मूळची नामिबिया-अंगोलाकडची, तर फिशर टांझानियाची. मग शेजाऱ्याने डोळे पाहिले. फिशरच्या डोळ्याभोवती पिसं नसलेलं, चुन्याने रेखल्यासारखं ठळक पांढरं कडं असतं. पीच-फेसला ते नसतं. फिशरची चोच लाल, पीच-फेसची पिवळट. निळ्या वगैरे पैदाशीच्या रंगांत चोच फिकी पडते आणि फसायला होतं, पण कडं जात नाही. नर खरोखर पीच-फेस होता. मादी फिशर.

‘दोन्ही लव्हबर्डच ना?’ असं दुकानदार म्हणाला, आणि बुजरीगरलाही सर्रास लव्हबर्ड म्हणणाऱ्या बाजारात ते ऐकायला पटतंही. पण या दोन जातींची पिल्लं सहसा वांझ निघतात. १९६२ साली विल्यम डिल्गर या अमेरिकन अभ्यासकाने नेमका हाच संकर वर्णन केला होता. ती संकरित पिल्लं पट्ट्या पिसांत खोचायला बघत, त्या गळून पडत, आणि चोचीतून न्यायचं जमायला त्यांना वर्षं लागली. म्हणजे पिल्लांसाठी घेतलेली जोडी त्या कामाची नव्हतीच.

दुसरी भानगड कायद्याची. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात जवळजवळ सगळे पोपटवर्गीय पक्षी आहेत. पीच-फेस, कॉकटील आणि बुजरीगर हे मात्र वगळलेले. त्या यादीतला परदेशी पक्षी घरी असेल, तर २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते, ताब्यात आल्यापासून ३० दिवसांत. पीच-फेसला याची गरज नाही, फिशरला आहे. बिलावर चुकीचं नाव, म्हणजे बाईंना आपल्यावर अशी काही जबाबदारी आहे याचा पत्ताच नाही.

बाईंचं पहिलं पत्र दोन पानी होतं. त्यात संताप भरपूर. बिलाचा क्रमांक, तारीख, पैसे यांतलं काहीच नाही. असं पत्र दुकानदार वाचून बाजूला ठेवतो. शेजाऱ्याच्या मदतीने लिहिलेलं दुसरं असं होतं:

‘सोबतच्या बिलाप्रमाणे मी आपल्याकडून पीच-फेस लव्हबर्डची जोडी ३५०० रुपयांना घेतली. पिल्लांसाठी जोडी हवी, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. यातली मादी फिशर आहे. तिच्या डोळ्याभोवतीचं पांढरं कडं व लाल चोच दाखवणारे फोटो, आणि पक्ष्यांच्या डॉक्टरांचं लेखी मत जोडलं आहे. वर्णनाप्रमाणे माल न दिल्याने मी ही जोडी नाकारत आहे. १५ दिवसांत पक्षी परत नेऊन पूर्ण रक्कम द्यावी. तोवर दोघांची देखभाल मी करीन. मादी आपल्याकडे कुठून आली, त्याची कागदपत्रंही द्यावीत.’

यातलं ‘वर्णनाप्रमाणे’ महत्त्वाचं. १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५नुसार वर्णनावरून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे. जिवंत प्राणी कायद्याच्या लेखी जंगम मालच. ऐकायला बरं वाटत नाही, पण गिऱ्हाइकाच्या कामाला येतं. ‘नाकारत आहे’ हेही मुद्दाम. नाकारल्याचं न कळवता वाजवी मुदतीपलीकडे माल ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असं धरलं जातं. आणि वाजवी म्हणजे किती दिवस, हे कायदा सांगत नाही. म्हणून शंका आली की फोटो काढून लगेच लिहावं, आणि पोहोच मिळेल असंच पाठवावं. उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. बिल नसेल तर मात्र सगळंच अवघड होतं, आणि पक्ष्यांच्या बाजारात पक्कं बिल मागणारं गिऱ्हाईक विरळाच.

असं पत्र चालतं ते परदेशी पक्ष्यांपुरतंच. ‘पहाडी पोपट म्हणून साधा कीरपोपट दिला’ अशी तक्रार कोणी लिहायला बसला, तर हात आवरावा. दोन्ही देशी, वन्यजीव कायद्याने संरक्षित. विकणाराही गुन्हेगार, पाळणाराही. तिथे पैसे परत मागणारं पत्र म्हणजे स्वतःच्या सहीने दिलेला कबुलीजबाब. तो पक्षी दुकानात परत करण्याऐवजी वनखात्याकडे द्यायचा.