व्ह्यूज गल्ल्यात पडतात का?

‘चाळीस हजार व्ह्यूज!’ मी मोबाइल मावशीच्या नाकासमोर धरला. मावशीनं चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, ‘अगं, पण त्यातल्या किती जणी दुकानाची पायरी चढल्या?’

मी गप्प. डोंबिवलीत फडके रोडजवळच्या गल्लीत मावशीचं साड्यांचं छोटं दुकान आहे. त्याच्या इन्स्टा पेजची मी स्वयंघोषित मॅनेजर. रील बनवण्याचे पैसे मी घेत नाही, पण रील जास्त लोकांपर्यंत पोचावं म्हणून जाहिरातीचे महिन्याला तीन हजार रुपये मावशीच्या खिशातून जातात. गणपतीच्या आत हा खर्च वाढवायचा की बंद करायचा, हे ठरवायचं होतं. चाळीस हजारांचा आकडा इथं काही कामाचा नव्हता. रील नागपुरातही दिसतं आणि दुबईतही. साडी मात्र डोंबिवलीत येऊनच घ्यावी लागते. मग आम्ही मोबाइल बाजूला ठेवला आणि शंभर पानी वही आणली.

पहिलं काम होतं मोजणी. त्यासाठी जूनचे चार आठवडे मी एकही रील टाकलं नाही. आधी नेहमीची वर्दळ किती ते कळल्याशिवाय वाढली की नाही हे कसं सांगणार? दाराजवळ बसणाऱ्या ताई वहीत रेघा मारायच्या. चार उभ्या, पाचवी आडवी. माणसं नाही, गट मोजायचे, असं ठरलं. कारण साडी घ्यायला एकटं कोण येतं? आई, मुलगी, काकू आणि कंटाळलेला एक भाऊ, पण खरेदी एकच. म्हणून चौघांची रेघ एक. कुरिअरवाला, चहावाला, पत्ता विचारणारा यांची रेघ नाही. धो-धो पाऊस किंवा लोकल बंद असेल, तर तारखेसमोर तसं लिहायचं.

चार आठवड्यांचे आकडे आले १७२, २०५, १८८ आणि १९५. सरासरी १९०. मग रील सुरू केली आणि पुढचे चार आठवडे पुन्हा मोजलं. दोन्ही वेळा पगाराचा एक आठवडा येईल आणि श्रावण लागायच्या आत सगळं उरकेल, हे आधीच बघून ठेवलं होतं. सणांची खरेदी सुरू झाली की गर्दी तशीही वाढते आणि श्रेय उगाच रीलला मिळतं. या वेळचे आकडे १९८, २११, १८६, २०९. सरासरी २०१.

‘बघ, आठवड्याला अकरा वाढले!’ मी नाचायच्या बेतात होते. मावशीनं जूनचं पान उलटलं. ‘तेव्हा तर रील नव्हती ना? तरी एका आठवड्यात १७२ आणि दुसऱ्यात २०५ आले. तेहतीसचा फरक आपोआप पडतो, मग तुझ्या अकराचं काय घेऊन बसलीस?’

मुद्दा बरोबर होता. दुकान लहान असलं की वर्दळ अशीच खाली-वर होते, आणि छोटी वाढ त्यात हरवून जाते. रेघांवरून ‘कदाचित’ एवढंच म्हणता येतं. म्हणून दुसरी खूण लागते, पहिल्यापेक्षा वेगळ्या वाटेनं आलेली.

आमची दुसरी खूण म्हणजे एक प्रश्न. सुरुवातीला मी मोठ्या उत्साहानं विचारायचे, ‘रील बघून आलात का?’ निम्म्या जणी हसून ‘हो हो’ म्हणायच्या. समोरच्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणायला काय जातं? दोन दिवसांत प्रश्न बदलला. आधी ‘पहिल्यांदाच येताय का?’ आणि हो म्हणाल्या तर ‘दुकान कसं कळलं?’ उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्यायचं, आपण सुचवायचं नाही. वहीत चार रकाने होते: बोर्ड बघून, ओळखीतून, इन्स्टा, आठवत नाही. शेवटचा रकाना हवाच, नाहीतर आपण ते उत्तर आपल्या सोयीच्या रकान्यात ढकलतो. आणि हे बिल करताना नाही, साड्या उलगडायला बसल्यावर विचारायचं. नाहीतर न घेता गेलेल्या जणी मोजणीत येतच नाहीत.

चार आठवड्यांत ‘इन्स्टा’च्या रकान्यात ४१ गट आले, म्हणजे आठवड्याला साधारण दहा. रेघांनी दाखवलेली वाढ होती अकरा. दोन वेगवेगळ्या मोजण्या एकाच ठिकाणी येऊन थांबल्या, तेव्हा मावशी पहिल्यांदा ‘हं’ म्हणाली.

तिसरी खूण सगळ्यांच्या आवडीची, कोडवर्ड. रीलच्या शेवटी मी म्हणायचे, ‘काउंटरवर ‘छत्री’ म्हणा, साडीला फॉल-पिको मोफत!’ ३१ जणींनी ‘छत्री’ म्हणून साडी घेतली. पण त्यातल्या १४ मावशीच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या. त्या एरवीही आल्याच असत्या, या वेळी फॉल-पिको फुकट मिळालं एवढंच. नव्या फक्त १७. म्हणजे कोडवर्ड दोन्हीकडून फसवतो. जुनी माणसं तो वापरतात आणि रील बघून आलेल्या कितीतरी जणी तो विसरतात. नवी-जुनी वेगळी लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आता हिशेब. इन्स्टावरून आलेल्या ४१ गटांपैकी २३ जणींनी खरेदी केली. सरासरी बिल ११०० रुपये, म्हणजे विक्री २५,३००. मालाची किंमत वजा करून मावशीच्या हातात साधारण चौथा हिस्सा उरतो, म्हणजे सव्वासहा हजारांच्या आसपास. त्यातून जाहिरातीचे तीन हजार गेले. फॉल-पिकोचे टेलरला प्रत्येकी ८० रुपये, ३१ साड्यांचे २४८०. शिल्लक जेमतेम आठशे! यातल्या काही जणी पुन्हा येतील, तो फायदा वेगळा. पण तो वहीत दिसायला वर्ष जाईल.

वाईट वाटलं, पण खरी गंमत पुढं होती. एक राखाडी खणाची साडी आम्ही मुद्दाम शोकेसमध्ये लावली नव्हती, ती आत कपाटात होती. फक्त एका साध्या रीलमध्ये दाखवली होती. त्यात किंमत सांगितली आणि स्टेशनपासून दुकानापर्यंतचा रस्ता चालून दाखवला. ना विनोद, ना ट्रेंडिंग गाणं. व्ह्यूज २६००. आणि दुकानात येऊन ‘ती राखाडी खणाची आहे का?’ असं अकरा जणींनी विचारलं. काहींनी तर मोबाइलमधला फोटोच पुढं केला. साडी बाहेर कुठं दिसतच नव्हती. म्हणजे त्यांनी रील पाहिलं होतं, किंवा पाहिलेल्या कुणाकडून तरी ऐकलं होतं.

चाळीस हजारवाल्या रीलमध्ये मी सासू-सुनेची नक्कल केली होती. जाहिरातीचे सगळे पैसे त्यावरच गेले होते. त्यात नेसलेली साडी मागायला चार आठवड्यांत एकही आली नाही.

मावशीनं निकाल दिला. रील चालू, जाहिरात पुढचे चार आठवडे बंद. मोफत फॉल-पिको फक्त पहिल्यांदा येणाऱ्यांना. प्रत्येक रीलमध्ये कपाटातली एक साडी, किंमत आणि रस्ता. रेघा आणि प्रश्न चालूच राहणार, म्हणजे जाहिरात थांबल्यावर ‘इन्स्टा’चा रकाना रिकामा होतो की तसाच भरतो, ते दिसेल.

‘आणि नक्कल?’ मी विचारलं.

‘कर की, मला आवडते,’ मावशी म्हणाली. ‘पण माझ्या पैशानं नको.’