रेझ्युमेमधली एक ओळ

एम्बेडेड इंजिनीअरच्या जागेसाठी आलेले रेझ्युमे मी गेली काही वर्षं वाचतो आहे. वॉशिंग मशीन, वीजमीटर, गाडीचा डॅशबोर्ड यांच्या आत बोटाच्या नखाएवढा एक संगणक असतो, त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्यात कायमचा बसवलेला प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. हे काम येतं असं सांगणाऱ्या बहुतेक रेझ्युमेंत एक ओळ हमखास असते: ‘यूआर्ट, एसपीआय, आय-टू-सी, कॅन या प्रोटोकॉलचं ज्ञान.’ ती वाचून मला उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही.

एका मुलीच्या रेझ्युमेत मात्र ही यादी नव्हती. तिने लिहिलं होतं: ‘कांदाचाळीसाठी तापमान-आर्द्रता नोंदयंत्र, एसटीएम३२ वर. दोन मीटर केबलवर आय-टू-सी बंद पडत होतं. सिग्नल चढायला लागणारा वेळ १.७ मायक्रोसेकंद होता, तो ०.४ वर आणला.’ मुलाखतीचा जवळजवळ सगळा वेळ आम्ही या ओळीवरच बोललो.

आय-टू-सी ही फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणलेली पद्धत. एक तार डेटाची आणि एक घड्याळाची, एवढ्यावर अनेक चिप एकमेकींशी बोलतात. गंमत अशी की कुठलीही चिप तार फक्त खाली, म्हणजे शून्य व्होल्टकडे ओढू शकते. तार पुन्हा वर नेण्याचं काम एक साधा रेझिस्टर करतो, त्याला पुल-अप म्हणतात. दार आपण ढकलतो, परत लावते ती स्प्रिंग, तसंच हे. केबल जितकी लांब, तितकी तिची कपॅसिटन्स जास्त, म्हणजे दार जड. मग स्प्रिंग कमजोर पडते.

टेबलावर सेन्सर वीतभर तारेवर होता आणि सगळं सुरळीत चालत होतं. चाळीत तो कांद्याच्या ढिगात खोल ठेवायचा म्हणून दोन मीटर केबल आली, आणि सेन्सर उत्तरच देईना. तिने आधी सेन्सर बदलला, मग प्रोग्राममध्ये थांबे वाढवले. त्यात आठवडा गेला. शेवटी कॉलेजच्या लॅबमधला ऑसिलोस्कोप तारेला लावला, तेव्हा पडद्यावर चौकोनी लाटेऐवजी शार्कच्या पंखासारखा वाकडा चढ दिसला.

हिशेब छोटा आहे. चढायला लागणारा वेळ म्हणजे रेझिस्टर गुणिले कपॅसिटन्स, गुणिले ०.८५. तिचा रेझिस्टर १० किलोओहमचा होता आणि केबल धरून कपॅसिटन्स साधारण २०० पिकोफॅरड. उत्तर येतं १.७ मायक्रोसेकंद. ४०० किलोहर्ट्झ वेगाला मुभा फक्त ०.३ मायक्रोसेकंदाची. तिने रेझिस्टर २.२ किलोओहमचा केला. तरी वेळ ०.३७ भरला. म्हणून वेग १०० किलोहर्ट्झवर आणला, तिथे मर्यादा १ मायक्रोसेकंदाची आहे. तापमान मिनिटाला एकदा मोजायचं असताना जास्त वेगाची गरजही नव्हती.

फर्मवेअरबद्दलही तिने एकच गोष्ट लिहिली होती. वाचन चालू असताना कंट्रोलर रीसेट झाला, तर सेन्सर डेटाची तार खाली धरून बसू शकतो आणि प्रोग्राम कायमचा वाट पाहत राहतो. तिने वाट पाहण्याला कालमर्यादा घातली आणि ती उलटली की घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके देऊन सेन्सरला सोडवायची सोय केली. पुढे चाचणी लिहिली होती: वाचनाच्या मधोमध ५० वेळा रीसेट दिला, ५० वेळा नोंदी पुन्हा सुरू झाल्या. ‘हार्डवेअर टेस्टिंगचा अनुभव’ या शब्दांपेक्षा हे वाक्य मला कितीतरी विश्वासार्ह वाटतं, कारण काय केलं, किती वेळा केलं आणि काय झालं, हे तिन्ही त्यात आहे.

कॅनचं नाव तिने घेतलंच नव्हतं, आणि ते बरं केलं. कॅन लिहिणाऱ्याला मी विचारतो, वीज बंद ठेवून दोन तारांमध्ये मल्टिमीटर लावला तर किती दिसेल? दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६० ओहम. १२० दिसले तर एका टोकाचा सुटला आहे. ज्याने ती वायरिंग एकदा हाताळली आहे, तो हे चटकन सांगतो. ज्याने प्रोटोकॉल फक्त वाचला आहे, त्याने तसं स्पष्ट लिहावं. आमची त्याला हरकत नसते.

गटाने केलेल्या प्रोजेक्टमध्ये आपला वाटा कोणता, हेही लिहायला हवं. तिने लिहिलं होतं की पेटी आणि बॅटरीचं काम दुसऱ्यांचं, त्यामुळे त्याबद्दल आम्ही तिला विचारलंच नाही.

शेवटी मी तिला विचारलं, “रेझिस्टर आणखी कमी केला असता, ४७० ओहम, तर चढ अजून जलद झाला असता. का नाही केलात?”

“सर, मग तार खाली ओढताना सेन्सरला सहा मिलिअँपिअर घ्यावे लागले असते. हमी तीनचीच आहे. तार पुरेशी खाली गेली नसती.”