उत्तरपत्रिका देण्याआधी

‘१८५७चा लढा अयशस्वी का झाला?’ या प्रश्नाच्या उत्तरात काडतुसांची हकिकत सहज अर्धे पान खाते. पण ते लढा पेटण्याचे कारण, फसण्याचे नव्हे. म्हणून उत्तरपत्रिका देण्याआधी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य वाचून त्यापुढे ‘म्हणून लढा फसला’ जोडून पाहावे. जुळत नसेल तो परिच्छेद बिनदिक्कत खोडावा. मग पुरावा शोधावा. ‘एकसूत्री नेतृत्व नव्हते’ एवढ्याने भागत नाही. दिल्लीत बहादूरशहा, कानपुरात नानासाहेब, झाशीत लक्ष्मीबाई आपापल्या जागी लढत होते, हे लिहिले की विधान उभे राहते. सनावळी शेवटी. दिल्ली सप्टेंबर १८५७मध्ये पडली, लक्ष्मीबाईंना वीरमरण आले ते जून १८५८मध्ये. तारीख आठवत नसेल तर नुसते साल लिहावे. अंदाजपंचे आकडा नको.