जुन्या गाडीची आयडीव्ही

मोटार विम्याच्या पॉलिसीवर पहिल्याच पानावर ‘आयडीव्ही’ नावाचा रकाना असतो. विमा कंपनी आणि मालक यांनी त्या वर्षापुरती मान्य केलेली गाडीची ही किंमत. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे मोडली तर जास्तीत जास्त एवढेच पैसे मिळतात. जुनी गाडी घेणारा टायर, इंजिन आणि किलोमीटर बारकाईने पाहतो. हा रकाना मात्र बहुतेक वेळा बघायचा राहून जातो.

हा आकडा काढण्याची रीत ठरलेली आहे. पॉलिसी सुरू होते त्या वेळची त्या मॉडेलची कंपनीची किंमत घ्यायची आणि वयानुसार घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40 आणि पाचपर्यंत 50 टक्के. रोड टॅक्स आणि नोंदणीचा खर्च यात धरत नाहीत. पाच वर्षांपुढच्या किंवा बंद पडलेल्या मॉडेलसाठी तक्ता नाही. तिथे कंपनी आणि मालक आपसांत आकडा ठरवतात.

म्हणजे आयडीव्ही आणि बाजारभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मागणी असलेली, नीट राखलेली गाडी आयडीव्हीपेक्षा महाग विकली जाते, आणि घोळ नेमका इथेच होतो.

साडेचार वर्षांची एक पेट्रोल हॅचबॅक घेऊ. तिची आजची कंपनीची किंमत 8 लाख, म्हणून तक्त्याप्रमाणे आयडीव्ही 4 लाख. घेणाऱ्याने मोजले 4,60,000. पॉलिसीवर मात्र 3,20,000 लिहिलेले आहेत, कारण आधीच्या मालकाने नूतनीकरणाच्या वेळी वेबसाइटवर हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली ओढली होती. त्यात त्याची बचत किती झाली? थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, त्याचा आयडीव्हीशी संबंध नाही. फरक पडतो तो फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात. तो दर 2 टक्के धरला तर 80,000 वर 1,600 रुपये. त्यावर त्याची 45 टक्के नो क्लेम बोनसची सूट गेली, की जीएसटी सोडून उरले 880.

बंपर फुटला, दरवाजा चेपला अशा किरकोळ क्लेममध्ये या कमी आकड्याने काही बिघडत नाही. तिथे पैसे कापले जातात ते सुट्या भागांच्या घसाऱ्यापोटी: प्लॅस्टिक आणि रबरावर 50 टक्के, या वयाच्या गाडीच्या पत्र्यावर 35, काचेवर शून्य. त्यामुळे एखादा छोटा क्लेम सुरळीत मिळाला की मालकाला वाटते, विमा चोख आहे.

प्रसंग येतो तो मोठ्या अपघातात. पॉलिसीच्या अटींनुसार धरलेला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. समजा सर्व्हेअरने 2,60,000 मान्य केले. आयडीव्ही 4 लाख असती तर मर्यादा 3 लाख, म्हणजे गाडी दुरुस्त होऊन परत आली असती. 3,20,000 वर मर्यादा 2,40,000 एवढीच. तीच गाडी, तोच मार, पण आता ती भंगारात. हाती येतात अनिवार्य कपातीचे 1,000 वजा जाता 3,19,000, आणि 4,60,000 मोजणाऱ्याचे 1,41,000 गेले. गाडीवर कर्ज असेल तर या रकमेतून आधी बँकेचा हिशेब चुकता होतो. एक गोष्ट मात्र मालकाच्या बाजूची आहे: टोटल लॉसमध्ये पॉलिसीच्या वर्षभरात आयडीव्ही आणखी घसरत नाही, अकराव्या महिन्यातही तीच धरतात.

अर्थात हे पैसे नव्या मालकाला मिळण्यासाठी पॉलिसी त्याच्या नावावर हवी. विक्रीनंतर थर्ड पार्टीचे संरक्षण कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्येच हा भेद स्पष्ट केला. त्यासाठी 14 दिवसांत कंपनीकडे लेखी अर्ज द्यावा लागतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. त्यामुळे उरलेल्या मुदतीपुरती आधीच्या मालकाची सूट कंपनी नव्या मालकाकडून वसूल करते. नाव बदलले तरी आयडीव्ही जुनीच राहते.

म्हणून सौदा ठरण्याआधी पॉलिसीची प्रत मागून दोन आकडे ताडून पाहणे सोपे: रकान्यातली आयडीव्ही आणि त्या मॉडेलच्या आजच्या किमतीतून घसारा वजा करून आलेली. तफावत मोठी आणि मुदत बरीच उरलेली असेल, तर नाव बदलण्याऐवजी स्वतःच्या नुकसानीचा नवा विमा योग्य आकड्यावर घेता येईल का, हे कंपनीला विचारता येते. गाडी पाच वर्षांपुढची असेल तर ताडायला तक्ता नाही. तिथे त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दोन-चार गाड्यांचे भाव जमवून आकडा मागावा लागतो.